टायपिंगने दुखणारा हात: लक्षणे कशी ओळखावीत, विश्रांती कशी घ्यावी, डॉक्टरकडे कधी जावे

सरकारी कार्यालयातला लिपिक-टंकलेखक, छापखान्यातला डीटीपी ऑपरेटर, कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारा, घरून डेटा एंट्री करणारा: या सगळ्यांच्या हाताच्या तक्रारी जवळजवळ सारख्याच असतात. मनगट भरून येते, बोटांना मुंग्या येतात, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, म्हणजे दंडका, जड होतो. पहिली चूकही सारखीच असते. किती दुखते यावरून आपण दुखण्याचे माप काढतो आणि "अजून सहन होतंय" म्हणून काम रेटत राहतो.

हे माप फसवे आहे. पाहायचे ते एवढेच की काम थांबवल्यावर दुखणे जायला किती वेळ लागतो. टायपिंग करताना हात दुखला आणि रात्रीच्या झोपेनंतर सकाळी अगदी मोकळा वाटला, तर तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. सकाळी उठल्यावरही थोडे शिल्लक असेल आणि काल दुपारी तीनला सुरू झालेले दुखणे आज अकरालाच सुरू होत असेल, तर ती दुसरी पायरी. काम नसतानाही दुखते, झोपमोड होते, चहाचा कप उचलणे किंवा कणीक मळणे जड जाते, ही तिसरी. पहिल्या पायरीवरून माणूस बहुधा काही दिवसांत पूर्ववत होतो. दुसरीला काही आठवडे लागू शकतात आणि तिसरीला कित्येक महिने. म्हणून दुखण्याची तीव्रता कमी असली तरी ते जायला लागणारा वेळ वाढत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी.

दुखते बोटात, राबतो दंडका

बोटे हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. तिथून लांब दोरीसारखे कंडरे मनगटावरून बोटांपर्यंत जातात. कळ दाबताना बोट खाली जाते ते एका बाजूच्या स्नायूंमुळे. पण पंजा कळफलकाच्या वर तरंगत ठेवण्याचे काम दंडक्याच्या वरच्या बाजूचे स्नायू तासन्‌तास करत असतात, आणि त्यांना मध्ये सुट्टी मिळत नाही. आखडलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. म्हणूनच बऱ्याच टायपिस्टांना पहिले दुखणे मनगटात न होता कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला जाणवते.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याच्या तळाशी आणि बाजूंना मनगटाची लहान हाडे, वर एक चिवट पट्टा आणि आत नऊ कंडरे व एक मज्जातंतू. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. मनगट वर किंवा खाली वाकले की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसत्या टायपिंगमुळे कार्पल टनेल होतो, याचा पुरावा लोक समजतात तेवढा भक्कम नाही. मधुमेह, थायरॉइड कमी असणे, गर्भारपण, संधिवात आणि वाढलेले वजन यांचा त्याच्याशी संबंध अधिक स्पष्ट आहे. टायपिंग अशा हाताचा त्रास वाढवू शकते, म्हणून सगळा दोष कळफलकावर टाकून रक्त तपासायचे राहून जाऊ नये.

मराठी टायपिंगचा भार कुठे पडतो

इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्याने आपल्या करंगळ्यांकडे एकदा नीट पाहावे. या मांडणीत स्वर आणि मात्रा मुख्यतः डाव्या हाताला, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. डाव्या करंगळीकडे A वरचा ओकार आणि Q वरचा औकार असतो. शिवाय ख, घ, थ, ध, भ, श, ळ ही उजव्या हाताची अक्षरे शिफ्टने येतात, त्यामुळे डावी शिफ्टही तिच्याच वाट्याला जाते. उजव्या करंगळीकडे च, ज, ट, ड आणि / या कळीवरचा य. 'शिक्षणाधिकारी' हा एकच शब्द टाइप करायला शिफ्ट चार वेळा दाबावी लागते: श, क्ष, ण आणि ध यांच्यासाठी.

शिफ्ट दाबून दुसरे अक्षर गाठताना बहुतेकांचे मनगट करंगळीकडे वळते. दिवसातून हजारो वेळा असे वळले की मनगटाची करंगळीकडची बाजू आणि दंडक्याची बाहेरची कड दुखू लागते. पुष्कळ जण सगळ्या अक्षरांसाठी डावी शिफ्टच वापरतात, त्यामुळे एकाच हाताने दोन कळा एकदम दाबताना पंजा आणखी ताणला जातो. साधा नियम असा: अक्षर ज्या हाताचे, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताची. ण हे C या कळीवर, म्हणजे डाव्या हाताचे आहे, तेव्हा त्याला उजवी शिफ्ट. सवय बदलायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर वेग पडतो, हे गृहीत धरावे. परीक्षा तोंडावर असताना हा बदल करायला घेऊ नये.

करंगळी आधीच दुखत असेल तर विंडोजमधली Sticky Keys ही सोय चालू करावी. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती विचारणा करते. नाहीतर विंडोज 11 मध्ये Settings, मग Accessibility, मग Keyboard असे जावे. ती चालू असताना शिफ्ट दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचे. दोन्ही एकदम धरावे लागत नाही. सुरुवातीला विचित्र वाटते, पण दुखऱ्या करंगळीला एवढा आराम देणारा फुकटचा उपाय दुसरा नाही.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांसाठी वर्डमधले AutoCorrect वापरावे. File, Options, Proofing, AutoCorrect Options या वाटेने गेल्यावर 'उवि' असे लिहिले की 'उपरोक्त विषयास अनुसरून' आपोआप उमटेल अशी नोंद करता येते. पत्रव्यवहार करणाऱ्याने अशी पंधरा-वीस वाक्ये भरून ठेवली तर दिवसाच्या कितीतरी कळा वाचतात. लघुरूप मात्र एरवी कधीच न लागणारे निवडावे, नाहीतर मजकुरात भलतीच वाक्ये घुसतात.

कोणते बोट, कोणती वेळ

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी एक काम करा. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलने त्याची कड काढा, तळव्याचे एक चित्र आणि मागच्या बाजूचे एक. जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके द्या, दुखते तिथे रेघा मारा, बधिर वाटते तो भाग काळा करा. हे चित्र पुष्कळ सांगून जाते.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ठिपक्यांनी भरले, करंगळी कोरी राहिली, रात्री दोन-तीनला मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते, तर संशय कार्पल टनेलवर जातो. हात झटकून बरे वाटणे ही जुनी, भरवशाची खूण आहे.

ठिपके करंगळी आणि अनामिकेवर असतील तर नस बहुधा कोपराशी चेपते आहे. कोपर आपटल्यावर जिथे झिणझिणी उठते तीच ही नस. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणारे, फोन कानाला लावून तासभर बोलणारे आणि कोपर घट्ट दुमडून झोपणारे यांना हा त्रास होतो. मनगटाचा पट्टा इथे काही कामाचा नाही, हे चित्रावरूनच कळते.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखते, कुलूप उघडताना किंवा बाळ उचलताना कळ येते, तर ते अंगठ्याच्या कंडऱ्यांच्या वेष्टनाचे दुखणे असू शकते. त्यात कळफलकापेक्षा मोबाइलवर अंगठ्याने केलेले टायपिंग अधिक कारणीभूत असते. ऑफिसात आठ तास आणि घरी येऊन पुन्हा अंगठ्याने दोन तास चॅटिंग, अशा माणसाने आधी फोन टेबलावर ठेवून तर्जनीने टाइप करावे किंवा बोलून मजकूर उतरवण्याची सोय वापरावी.

दोन्ही हातांच्या जोडीला दोन्ही पायांनाही मुंग्या येत असतील, तर गोष्ट टायपिंगची नाही. साखर आणि बी-12 तपासायला हवे. शाकाहारी माणसांत बी-12 कमी असणे काही दुर्मीळ नाही. मान वळवल्यावर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जात असेल तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकते.

कोपर टेबलावर टेकवून दोन्ही मनगटे साठ सेकंद खाली सोडून वाकवायची आणि मुंग्या येतात का पाहायचे, ही चाचणी बऱ्याच जणांना माहीत असते. करून पाहायला हरकत नाही. पण ती नकारात्मक आली म्हणून निश्चिंत होऊ नये आणि रोज करू नये. त्या स्थितीत नस चेपते म्हणूनच तर मुंग्या येतात.

बैठक: मोजपट्टी घेऊनच

आपल्याकडचे साधे टेबल किंवा जेवणाचे टेबल सुमारे 75 सेंटीमीटर उंच असते. समजा प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक 43 सेंटीमीटरवर आहे आणि बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत 22 सेंटीमीटर भरतात. म्हणजे कोपर जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर आला. कळफलकाची जाडी धरून कळा मात्र 77 वर. हा 12 सेंटीमीटरचा फरक भरून काढायला माणूस खांदे उचलतो, मनगट वर वाकवतो आणि टेबलाच्या कडेवर ते टेकवतो. दिवसभर.

उपाय दोन. खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली गोधडी घालून बसणे उंच करावे. मग पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली पाट घ्यावा. बसल्यावर किती दबते ते पाहूनच घड्या वाढवाव्यात. नाहीतर जुन्या लाकडी टेबलाचे पाय सुताराकडून दहा-बारा सेंटीमीटर कापून घ्यावेत. कायमचे टायपिंगचे टेबल असेल तर हा खर्च महागड्या खुर्चीपेक्षा उपयोगी पडतो. साध्य एवढेच की खांदे सैल सोडून कोपर साधारण काटकोनात किंवा थोडा अधिक उघडा आला की बोटे आपोआप कळांवर यावीत.

कळफलकाच्या मागच्या बाजूचे दोन छोटे पाय दुमडून टाका. ते उभे केले की मनगट वर वाकते. बहुतेकांनी ते काही कारण नसताना उभे केलेले असतात. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला की त्याचा कळफलक फार उंच होतो, म्हणून लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कळफलक आणि माउस जोडावा. माउस कळफलकाला चिकटून असावा. हात लांब करून पकडावा लागला की खांदा दुखतो. मनगटाखालची मऊ पट्टी फक्त थांबल्यावर टेकायला आहे, टायपिंग चालू असताना नाही. घट्ट घड्याळ, कडे किंवा बांगड्यांचा चुडा मनगट आणि टेबलाची कड यांच्यामध्ये दाबला जात असेल तर कामाच्या वेळी काढून ठेवावा.

आणि कळा हळू दाबाव्यात. हाताने चालवायच्या टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटे आजही कळ ठोकतात, जणू कागदावर अक्षर उमटवायचे आहे. संगणकाला त्याच्या कितीतरी कमी जोर पुरतो.

विश्रांती: लहान आणि ठरलेली

अमेरिकेत करविभागाच्या डेटा एंट्री करणाऱ्यांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या दोन पंधरा-पंधरा मिनिटांच्या सुट्ट्यांशिवाय दिवसात पाच मिनिटांच्या चार जादा सुट्ट्या दिल्यावर हातांचा आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला, आणि वीस मिनिटे कमी काम करूनही काम घटले नाही. साहेबाला समजावताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

रोजच्या कामात हे असे बसवता येते. दर वीस मिनिटांनी तीस सेकंद हात मांडीवर सैल सोडायचे, बोटांत कसलाही ताण नाही, नजर लांब. दर तासाला पाच मिनिटे उठायचे. पाणी प्यायला जा, फायली लावा, फोन करा. फक्त त्या पाच मिनिटांत मोबाइलवर टाइप करू नका. ही सुट्टी तिथेच सर्वाधिक वाया जाते.

दुखू लागल्यावर थांबायचे, असे ठरवले की विश्रांती कधीच वेळेवर होत नाही, कारण लक्ष कामात असताना दुखणे उशिरा जाणवते. म्हणून घड्याळावर सोडावे. Workrave नावाचे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. ते कळा आणि माउसची हालचाल पाहून छोटी विश्रांती, मोठी विश्रांती आणि दिवसाची मर्यादा सांगते. त्यातली मूळची छोटी विश्रांती दर तीन मिनिटांनी येते. तेवढ्याने वैतागून लोक ते काढून टाकतात. पहिल्या दिवशीच ती पंधरा-वीस मिनिटांवर न्यावी. कार्यालयाच्या संगणकावर काही टाकायची परवानगी नसेल तर फोनचा गजर थरथरण्यावर ठेवला तरी चालते. हात दुसऱ्या पायरीवर असेल तर दर दहा मिनिटांनी तीस सेकंद, आणि दिवसाचे एकूण टायपिंग निम्म्यावर.

ताण: कोणते, किती, आणि कोणी करू नयेत

व्यायाम चांगलेच, पण त्यांना विश्रांतीची जागा घेऊ देऊ नये. तीन मिनिटे जोरात ताण देऊन पुन्हा तीन तास अखंड टायपिंग, याला काही अर्थ नाही. ताण देताना ओढ जाणवावी, दुखणे किंवा मुंग्या नकोत. जाणवल्या तर तिथेच सोडून द्यावे.

पहिला, दंडक्याच्या वरच्या बाजूसाठी. हात समोर सरळ, कोपर सरळ, तळवा जमिनीकडे. मनगट खाली सोडा आणि दुसऱ्या हाताने पंजाच्या मागच्या बाजूला हलकेच आपल्याकडे ओढा. पंधरा ते वीस सेकंद, दोनदा, दोन्ही हातांना. कोपराखाली बाहेरून दुखणाऱ्याला याचा उपयोग होतो.

दुसरा, आतल्या बाजूसाठी. हात समोर सरळ, बोटे वर, कुणाला 'थांब' म्हणतो तसा तळवा पुढे. दुसऱ्या हाताने बोटे हलकेच मागे. वेळ तेवढीच. पण अंगठा-तर्जनीला मुंग्या येणाऱ्याने हा करू नये आणि छातीपाशी तळवे जुळवून नमस्काराची मुद्रा खाली दाबण्याचा प्रकारही टाळावा. दोन्हींत मनगट मागे वाकते, बोगद्यातला दाब वाढतो आणि व्यायामानेच रात्र बिघडते.

तिसरा कंडरे मोकळे सरकण्यासाठी, आणि मुंग्या येणाऱ्यांनाही तो बहुधा सोसतो. मनगट सरळ ठेवून पंजाच्या पाच स्थिती एकामागून एक:

1. बोटे सरळ वर.
2. बोटांची टोके वळवून आकड्यासारखी, मुळाचे सांधे सरळ.
3. पूर्ण मूठ.
4. बोटे सरळ ठेवून फक्त मुळाच्या सांध्यात काटकोनात पुढे, टेबलाच्या फळीसारखी.
5. तिथूनच बोटांची टोके तळव्याच्या बुडाला टेकवून चपटी मूठ.

प्रत्येक स्थितीत तीन सेकंद. पाच आवर्तने, दिवसातून दोन-तीनदा. जोर कुठेच नाही. मूठ आवळली की फायदा संपला.

चौथा खांद्यांचा: दोन्ही पाठफळ्या मागे एकमेकींकडे आणून पाच सेकंद, पाच वेळा. हाताचे दुखणे असताना खांद्याचा व्यायाम कशाला, असे वाटेल. पण खांदा पुढे झुकलेला असला की कोपर आणि मनगट वाकड्यातच काम करतात. नस सरकवण्याचे काही खास व्यायामही असतात. ते फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकावेत, व्हिडिओ पाहून नकोत, कारण थोडे जास्त झाले की मुंग्या वाढतात.

दुखऱ्या हाताने स्पंजचा चेंडू दाबणे हा घरोघरी सांगितला जाणारा उपाय. बोटे मिटणारे कंडरे आधीच चिडलेले असताना त्यांच्याकडून अजून तेच काम करून घेणे म्हणजे टायपिंगचाच जादा तास. ताकदीचे व्यायाम दुखणे ओसरल्यावर. तेल लावून हलके चोळायला हरकत नाही, पण दुखऱ्या जागी अंगठा रोवून रगडू नये. क्रेप बँडेज घट्ट गुंडाळल्याने बोटे सुजतात. वेदनाशामक गोळी घेऊन काम पुढे रेटणे सर्वांत वाईट, कारण थांबण्याची खूण बंद होते आणि भार तसाच राहतो.

रात्रीचा पट्टा

रात्री मुंग्यांनी जाग येणाऱ्याला मनगटाचा पट्टा उपयोगी पडतो, कारण झोपेत आपण मनगट दुमडून घेतो. मेडिकलमध्ये 'कॉक-अप स्प्लिंट' मागितला की बहुधा धातूची पट्टी घातलेला आणि मनगट वर वाकवणारा पट्टा मिळतो. ती पट्टी बाहेर काढून हाताने सरळ करा आणि परत घाला. मनगट दंडक्याच्या सरळ रेषेत आले पाहिजे. बोटे पूर्ण मिटता यावीत, बोटांवर सूज किंवा वळ उमटू नयेत. किमान सहा आठवडे रोज रात्री. चार रात्रींत गुण नाही म्हणून लोक सोडून देतात. दिवसा पट्टा घालून टायपिंग मात्र करू नये, कारण मनगट पट्ट्याशी झगडते आणि कोपर-खांद्यावरचा भार वाढतो.

एक उदाहरण

समजा कोर्टाजवळ टायपिंगचे काम करणाऱ्या एक ताई आहेत, वय 38, दिवसाला सात तास काम. उजव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांच्या मुंग्यांनी त्या आठवड्यातून चार रात्री जाग्या होतात, आणि डावा दंडका दुपारी बाराला भरून येतो. चित्र काढल्यावर दोन तक्रारी वेगळ्या दिसल्या. उजवीकडे नस, डावीकडे स्नायू आणि शिफ्ट.

पहिल्या आठवड्यात त्यांनी गोधडी आणि पाट घेऊन बसण्याची उंची जमवली, कळफलकाचे पाय दुमडले, वीस मिनिटांचा गजर लावला आणि उजव्या हाताला रात्री सरळ केलेला पट्टा. एका वहीत रोज तीनच नोंदी: रात्री किती वेळा जाग आली, दुखणे किती वाजता सुरू झाले, सकाळी उठल्यावर हात कसा होता. तिसऱ्या आठवड्याला डावा दंडका बाराऐवजी साडेतीनला दुखू लागला, म्हणजे ती बाजू सुधारते आहे. उजवीकडे रात्रीची जाग चारवरून तीनवर आली, पण दिवसाही तर्जनी बधिर राहू लागली. एवढ्यावरून पुढचे पाऊल ठरले. डाव्या हाताचे चालू आहे तसेच चालू ठेवायचे आणि उजव्यासाठी सहा आठवडे पुरे होण्याची वाट न पाहता डॉक्टर. अशा ठिकाणी थायरॉइड कमी निघाले, तर ते औषधाने ताळ्यावर आणणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

डॉक्टरकडे कधी, कोणाकडे

काम निम्म्यावर आणून, बैठक सुधारून दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर जावे. बोट सतत बधिर राहते, हातातून वस्तू निसटतात, शर्टाचे बटण लागत नाही, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसतो, यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. तो उंचवटा खचणे म्हणजे नस बरेच दिवस चेपलेली आहे, आणि मग शस्त्रक्रियेनंतरही ताकद पूर्ण परतेलच असे नाही. दुखणे गेले पण बधिरपणा राहिला, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये. बोट वाकल्यावर अडकते आणि टकदिशी उघडते, त्यासाठीही दाखवावे, पण त्याची घाई नसते.

सांधा लाल, गरम, सुजलेला आणि ताप असेल तर त्याच दिवशी. छातीत दुखण्यासोबत डावा हात भरून आला, किंवा अचानक एका बाजूचा हात लुळा पडून तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर ते टायपिंगचे दुखणे नव्हे. 108 ला फोन करावा.

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून करावी, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागातून. जाताना पंजाचे चित्र आणि वही न्यावी. मधुमेह, थायरॉइड, गर्भारपण, चालू औषधे हे न विचारताच सांगावे. ते बहुधा साखर, थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगतील, आणि नसेचा संशय असेल तर नर्व्ह कंडक्शनची तपासणी. तिच्यात छोटे विजेचे झटके बसतात, पण ते सोसण्याजोगे असतात. सुरुवातीच्या त्रासात ही तपासणी सामान्य येऊ शकते, तेव्हा अहवाल चांगला म्हणून लक्षणे खोटी ठरत नाहीत. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले तर मधुमेह असणाऱ्याने पुढचे काही दिवस साखर वाढू शकते हे लक्षात ठेवून ती जास्त वेळा तपासावी. कार्पल टनेलची शस्त्रक्रिया बहुधा फक्त हात बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. मात्र जखमेच्या आसपासची हुळहुळ काही आठवडे राहते.

कामावर परतताना पहिल्या आठवड्यात दिवसाला एकूण एक तास, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. दुसऱ्या दिवशी सकाळी हात मोकळा असेल तर पुढच्या आठवड्यात दीड तास, मग दोन. सकाळी दुखणे शिल्लक राहिले तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत जायचे आणि तिथे चार दिवस थांबायचे. वेगाच्या चाचण्या, रोजंदारीवरचे घाईचे काम आणि मोबाइलवरचे टायपिंग हे सगळे त्याच वेळेत मोजायचे.